एसी, फ्रीज आणि पाण्याची मोटर असलेल्या घरासाठी किती केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्यायचा

माझं चुकलं तिथूनच सुरू करतो, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. घरात दीड टनाचा जुन्या पद्धतीचा एसी, अडीचशे लिटरचा फ्रीज, एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर आणि बाकी दिवे-पंखे-टीव्ही. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं म्हणून अख्ख्या घराला एकच मेनलाइन स्टॅबिलायझर लावायचं ठरवलं आणि कागदावर हिशोब मांडला: एसी १६०० वॉट, फ्रीज १२० वॉट, मोटर एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, वरचं किरकोळ ५०० वॉट. बेरीज आली २९६६, म्हणजे तीन किलोवॉट, मग चार केव्हीए घेतला की झालं, वर हजार वॉटची मोकळीकही राहते, असा विचार करून घेऊन आलो. पहिल्याच संध्याकाळी एसी चालू असताना मोटरचं बटण दाबलं, आतून खट्-खट्-खट् आवाज, दिवे मंद झाले आणि सगळं घर बंद. तीन मिनिटांनी मशीनचा परत चालू होण्याआधी थांबायचा डिले संपला, घर चालू झालं, मोटरचं बटण तसंच चालू राहिलेलं होतं त्यामुळे परत तेच, खट्-खट् आणि अंधार.

स्टॅबिलायझर खराब नव्हता. माझा हिशोब तीन ठिकाणी चुकला होता आणि या लेखात त्याच तीन चुका उलगडून सांगतो, म्हणजे तुमचा आकडा तुम्हालाच काढता येईल.

पहिली पायरी: वॉट विसरा, अँपिअर बघा

स्टॅबिलायझरच्या आत मुख्य वस्तू म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, त्याची तांब्याची नाहीतर अॅल्युमिनियमची वेटोळी, आणि त्या वेटोळ्यांचे टप्पे बदलणारे रिले. आता तार तापते ती तिच्यातून जाणाऱ्या करंटने, तुम्ही किती वॉट 'वापरले' याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. म्हणून त्याचं रेटिंग किलोवॉटमध्ये न देता केव्हीएमध्ये देतात, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार.

फरक कुठे पडतो ते फ्रीजवरून लगेच कळतं. माझा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असताना १२० वॉट घेतो, पण क्लॅम्प मीटरवर करंट जवळपास १ अँपिअर दिसतो. २३० गुणिले १ म्हणजे २३० व्हीए! वॉटच्या जवळजवळ दुप्पट. मोटर असलेल्या वस्तू असंच वागतात, त्या लाइनकडून जो करंट घेतात त्यातला काही भाग फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात येतो-जातो, मीटरवर तो वॉट म्हणून दिसत नाही पण तारेतून मात्र खराच वाहतो.

दुसरी गंमत पाण्याच्या मोटरची. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट हे बरोबर आहे, पण ते मोटर शाफ्टवर *देते* ते. लाइनकडून *घेते* ते बरंच जास्त, कारण घरगुती छोट्या मोटरमध्ये वाया जाणारा भाग मोठा असतो. माझी मोटर पाणी चढवताना ७ अँपिअर घेते, म्हणजे १६१० व्हीए. मी कागदावर ७४६ लिहिले होते. निम्म्याहून कमी.

तर पहिलं काम म्हणजे प्रत्येक मोठ्या वस्तूचा चालू करंट लिहून काढणं. एसीच्या बाहेरच्या युनिटवर प्लेट असते, फ्रीजच्या मागे किंवा आत बाजूच्या भिंतीवर स्टिकर असतो, मोटरच्या अंगावर प्लेट असते (ती बहुतेक वेळा रंगाखाली किंवा गंजाखाली गेलेली असते, ओल्या फडक्याने पुसून मोबाईलने फोटो काढा, डोळ्यापेक्षा फोटोत नीट वाचता येते). त्यावर अँपिअर किंवा नुसतं ए लिहिलेलं असतं तो आकडा घ्या.

प्लेट वाचता येत नसेल तर क्लॅम्प मीटर. वायरमनकडे असतोच, टाँग टेस्टर म्हणतात काही जण. मात्र एक गोष्ट बघून ठेवा: क्लॅम्पच्या तोंडात फक्त एकच वायर घ्यायची, फेजची नाहीतर न्यूट्रलची. पूर्ण केबल आत घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो, मग माणूस म्हणतो मीटर बिघडलाय. आणि हे मोजायला बोर्ड उघडावा लागतो, आत उघडे टर्मिनल असतात, तेव्हा सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या, तुम्ही बाजूला उभं राहून आकडे लिहा.

माझ्या घरचे आकडे असे निघाले. एसी ७.५ अँपिअर, मोटर ७, फ्रीज १, बाकी सगळं मिळून २.५. एकूण १८ अँपिअर. २३० ने गुणलं तर ४१४० व्हीए, म्हणजे चार केव्हीएच्याही वर. मी तीन समजत होतो. चार केव्हीएचं मशीन सगळं *चालू झाल्यावर* सुद्धा भरून वाहत होतं, सुरू होतानाची गोष्ट तर पुढेच.

दुसरी पायरी: सुरू होतानाचा झटका

साधी मोटर उभी असते तेव्हा ती लाइनला जवळजवळ शॉर्टसारखी दिसते. फिरायला लागल्यावरच ती करंटला विरोध करायला लागते. त्यामुळे बटण दाबल्यापासून वेग घेईपर्यंतच्या अर्ध्या-एक सेकंदात ती चालू करंटच्या चार ते सहा पट, कधी त्याहून जास्त खेचते. एसीच्या प्लेटवर काही वेळा एलआरए असा आकडा असतो, तो हाच, म्हणजे रोटर अडकलेला असताना लागणारा करंट. साध्या क्लॅम्प मीटरवर हा झटका पकडता येत नाही, आकडा हलेपर्यंत तो संपलेला असतो, त्यासाठी इनरश मोजायची सोय असलेला मीटर लागतो. तसा मीटर लावून बघितलं तेव्हा एसीचा कॉम्प्रेसर ३६ अँपिअरला गेला, पाण्याची मोटर ३० ला, फ्रीज ६ ला.

आता तिघेही एकाच क्षणी सुरू होतील असं धरायची गरज नाही, तसा योग फार क्वचित येतो आणि तो धरून आकडा काढला तर कारखान्याला पुरेल एवढं मशीन घ्यावं लागेल. धरायचं ते असं: बाकी सगळं चालू आहे, आणि सगळ्यात जास्त झटका देणारी एक वस्तू आत्ता सुरू होतेय.

इथे मी आधी पाण्याची मोटर धरली होती, कारण घर बंद पडलं ते तिच्या बटणावर. पण नीट विचार केला तर मोटरचं बटण माझ्या हातात आहे. एसीचा कॉम्प्रेसर नाही. तो खोली गार झाली की आपोआप थांबतो, गरम झाली की आपोआप सुरू होतो, आणि मोटर टाकी भरायला अर्धा तास चालणार असेल तर त्या अर्ध्या तासात तो नक्की एक-दोनदा सुरू होणार. म्हणजे वाईट क्षण हा: मोटर ७, फ्रीज १, बाकी २.५ चालू, आणि वर एसीचे ३६. बेरीज ४६.५ अँपिअर. २३० ने गुणलं तर १०.७ केव्हीए.

घाबरू नका, १०.७ घ्यायचा नाहीये. ट्रान्सफॉर्मरला एका सेकंदाचा जादा भार त्रास देत नाही, त्याचं तांबं तापायला मिनिटं लागतात. मार खातात ते रिलेचे पॉइंट, कारण झटक्याच्या ऐन वेळी व्होल्टेज पडतं म्हणून रिले टप्पा बदलायला जातो आणि भरल्या करंटवर उघडझाप होते, ठिणगी पडते, पॉइंट जळत जातो. म्हणून मी स्वतः एक ढोबळ नियम धरतो: झटक्याच्या बेरजेच्या निम्मा आकडा, आणि चालू करंटच्या सव्वापट आकडा, दोन्ही काढायचे आणि जो मोठा तो घ्यायचा. हा पुस्तकातला नियम नाही, मशीन जळू नये आणि उगाच फार मोठंही होऊ नये यासाठीची तडजोड आहे.

माझ्याकडे ४६.५ चं निम्मं २३.२५ अँपिअर, आणि १८ ची सव्वापट २२.५. मोठा २३.२५. गुणिले २३० म्हणजे ५.३५ केव्हीए. चार पुरणार नव्हताच.

एसी इन्व्हर्टर असेल तर चित्र बदलतं. त्याचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, झटका जवळपास नसतोच. तिथे प्लेटवरचा कमाल करंट घ्यायचा (रेटेड आणि कमाल असे दोन आकडे असतात, कमाल घ्या, कारण व्होल्टेज कमी झालं की इन्व्हर्टर एसी तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो) आणि झटक्यासाठी पाण्याची मोटर धरायची. समजा एसीचा कमाल ९ असेल तर ३० अधिक ९ अधिक १ अधिक २.५, झाले ४२.५, निम्मे सव्वाएकवीस. चालू करंटची बेरीज १९.५, तिची सव्वापट साधारण २४.४. म्हणजे इथे चालू करंटचा आकडा मोठा निघाला, तो घ्यायचा, ५.६ केव्हीए. दरवेळी झटकाच जिंकतो असं नाही, म्हणून दोन्ही काढायचे.

तिसरी पायरी: सगळ्यात वाईट तासाचं व्होल्टेज

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो म्हणजे वीज तयार करत नाही. बाहेर २३० व्होल्टला १८ अँपिअर द्यायचे असतील आणि आत फक्त १७२ व्होल्ट येत असतील तर त्याला लाइनमधून १८ गुणिले २३० भागिले १७२, म्हणजे २४ अँपिअर ओढावे लागतात. म्हणजे व्होल्टेज जेवढं खाली, तेवढा आतल्या बाजूचा करंट जास्त. याचे परिणाम दोन.

एक, मशीनची स्वतःची ताकद कमी होते. खोक्यावर लिहिलेले केव्हीए कुठल्या इनपुट व्होल्टेजला आहेत हे बघायला हवं. बऱ्याच मशीनना पूर्ण भार एका ठरावीक व्होल्टेजपर्यंतच चालतो, त्याखाली ते चालू राहतं, आउटपुट पण देतं, पण पूर्ण भार टाकला तर वेटोळी तापते. माहितीपत्रकात असं काही नसेल तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "माझ्याकडे १७० व्होल्ट येतात तेव्हा हा सतत किती अँपिअर देईल?" उत्तरात अँपिअर आले तर बोलणं पुढे न्या. उत्तरात "काही टेन्शन नाही, आरामात चालेल" आलं तर दुसरीकडे विचारा.

याच्याच जोडीला अजून एक सापळा आहे, एसीसाठी म्हणून मिळणाऱ्या स्टॅबिलायझरचा. बोलताना सगळे 'चार केव्हीए' म्हणतात, मागच्या प्लेटवर मात्र १२ अँपिअर लिहिलेलं सापडतं. २३० गुणिले १२ म्हणजे २.७६ केव्हीए, चार कुठून आले? एसीच्या बाबतीत हे केव्हीए एक प्रकारचं साइझचं नाव झालंय, शर्टाच्या नंबरासारखं. दीड टनाच्या एसीला ते मशीन चालतंच, त्यासाठीच बनवलंय, पण 'चार केव्हीए आहे ना' म्हणून त्याच्यावर मोटर आणि फ्रीज पण जोडायला गेलात तर फसाल. कुठलंही मशीन घ्या, शेवटी प्लेटवरचा अँपिअरचाच आकडा तुमच्या बेरजेशी ताडून बघा.

दुसरा परिणाम तारेवर. मीटरपासून स्टॅबिलायझरपर्यंतची वायर आणि एमसीबी यांना २४ अँपिअर सतत पेलायचे आहेत, १८ नाही. जुन्या घरात तिथे बारीक वायर असते, मग वायर गरम, जोड गरम, आणि तारेतच अजून व्होल्टेज पडतं. स्टॅबिलायझर लावल्यावर मेन एमसीबी पडायला लागला तर लोक लगेच मोठा एमसीबी टाकतात, तसं करू नका. आधी वायर कितीची आहे ते बघायचं, एमसीबी वायरला सांभाळायला असतो, तुमच्या सोयीला नाही.

तर व्होल्टेज मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर किंवा सॉकेटमध्ये खुपसायचा डिजिटल व्होल्टमीटर घ्या आणि आठवडाभर दिवसातून चार वेळा आकडा लिहा: पहाटे, दुपारी, संध्याकाळी दिवेलागणीनंतर, आणि रात्री उशिरा. संध्याकाळचा सगळ्यात खाली असतो, रात्री उशिराचा सगळ्यात वर. माझ्याकडे संध्याकाळी घर चालू असताना १८० च्या आसपास, एखाद्या दिवशी १७२, आणि मध्यरात्रीनंतर २५५. म्हणजे मला खाली निदान १५० पासून आणि वर २७० पर्यंत काम करणारं मशीन हवं. ही रेंज पण खोक्यावर असते, आणि केव्हीएचा आकडा बरोबर पण रेंज चुकीची असं घेतलं तर ते रोज संध्याकाळी नुसतं बंद होऊन बसेल.

आता यातलीच एक छोटी चाचणी सांगतो, पाच मिनिटांची आहे आणि माझ्या त्या खट्-खट्चं खरं कारण मला हिनेच कळलं. व्होल्टमीटर लावून ठेवा, घरातलं मोठं सगळं बंद करा, आकडा लिहा. मग गीझर चालू करा आणि आकडा परत बघा. माझ्याकडे १९० चे १८५ झाले. २००० वॉटचा गीझर १९० व्होल्टला साधारण ७.२ अँपिअर घेतो. ५ व्होल्ट भागिले ७.२ अँपिअर, म्हणजे खांबापासून माझ्या सॉकेटपर्यंतच्या तारेचा अडथळा साधारण ०.७ ओहम. (लाइन आपल्या आपणही वर-खाली होत असते, म्हणून चालू-बंद दोन-तीनदा करून सरासरी घ्या.)

या ०.७ चं काय करायचं? वाईट क्षणाचे ४६.५ अँपिअर, व्होल्टेज १८० असताना लाइनमधून ओढायचे म्हणजे ४६.५ गुणिले २३० भागिले १८०, जवळपास ६० अँपिअर. ६० गुणिले ०.७ म्हणजे ४२ व्होल्टची घसरण. १८० चे झाले १३८. माझ्या मशीनचा लो-कट १४० ला होता! झटका आला की व्होल्टेज १४० खाली, मशीन म्हणतं लाइन खराब आहे, बंद. हिशोब ढोबळ आहे, प्रत्यक्षात झटक्याचा करंट आणि व्होल्टेज तंतोतंत असे चालत नाहीत, पण दिशा बरोबर आहे.

आणि यातून मोठी गोष्ट निघते ती ही, की इथे मी दहा केव्हीए आणला असता तरी ही घसरण तशीच राहिली असती. ती तारेत होतेय, मशीनमध्ये नाही. उलट स्टॅबिलायझर बूस्ट करतो म्हणून लाइनवरचा झटका अजून वाढतो. मोठं मशीन जळणार नाही एवढंच, बंद पडायचं ते पडेलच. याचा उपाय दोनच, तार जाड करा किंवा झटके वेगळे करा.

चौथी पायरी: एकच मोठा की वेगवेगळे

तर आकडा निघाला, आता निर्णय. एकाच मेनलाइन मशीनवर सगळं टाकायचं तर माझा हिशोब ५.३५ केव्हीए होता, वर कमी व्होल्टेजला ताकद घटणार ते धरून पुढची मिळणारी साइझ, म्हणजे ७.५ केव्हीए. पाच केव्हीए मिळतो पण तो कमी पडतो, इथे 'थोडंच कमी आहे' करू नका. आणि ७.५ घेऊनही वरचा ०.७ ओहमचा प्रश्न राहतोच.

मी शेवटी वेगवेगळं केलं आणि दहातल्या आठ घरांना मी तेच सांगेन.

एसीला त्याचा स्वतःचा. ७.५ ची सव्वापट ९.४ अँपिअर, म्हणजे प्लेटवर १२ अँपिअर असलेला दीड टनाचा बास झाला. इथे निम्म्या झटक्याचा नियम लावला तर १८ येतात, मग १२ कसा चालेल असं कोणी विचारेल. एसीचा स्टॅबिलायझर बनवणाऱ्याला त्याच्यावर नक्की कुठली मोटर येणार हे माहीत असतं, दीड टन लिहिलं म्हणजे दीड टनाच्या कॉम्प्रेसरचा झटका धरूनच रिले टाकलेले असतात. मेनलाइनवाल्याला तुम्ही काय जोडाल ते माहीत नसतं, म्हणून तिथे नियम आपल्याला लावावा लागतो. एसीवर टन बघा, अँपिअर बघा, रेंज बघा, संपलं. इन्व्हर्टर एसी असेल तर आधी त्याच्या प्लेटवर किंवा पुस्तिकेत किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते बघा, तुमचा आठवडाभराचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा आकडा त्यात ऐसपैस बसत असेल तर त्याला स्टॅबिलायझर लागतच नाही.

फ्रीजला छोटा वेगळा. झटका ६, निम्मा ३ अँपिअर, म्हणजे ०.७ केव्हीए. एक केव्हीएचा घेतला की विषय मिटला. फ्रीजच्या बाबतीत केव्हीएपेक्षा डिले महत्त्वाचा, दोन-तीन मिनिटांचा तरी हवा. लाइट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसरच्या आत गॅसचा दाब एका बाजूला अजून चढलेलाच असतो, त्या दाबाविरुद्ध तो फिरू शकत नाही, नुसता घूं करत करंट ओढतो आणि मग टक् करून त्याचा संरक्षक स्विच करंट तोडतो. दाब समान व्हायला ती दोन-तीन मिनिटं द्यायची असतात. एसीच्या मशीनलाही डिले हवाच.

आणि पाण्याची मोटर? तिला काही नाही. हिशोब केला तर ३० चं निम्मं १५ अँपिअर, म्हणजे साडेतीन केव्हीएचं मशीन, दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या वस्तूसाठी. त्यापेक्षा ती पहाटे लावा जेव्हा व्होल्टेज २२० च्या वर असतं आणि एसी बहुतेक वेळा बंद करता येतो. मोटरचा फिरवायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, १८० व्होल्टला तो २३० च्या मानाने फक्त ६१ टक्के उरतो, म्हणून संध्याकाळी जी मोटर कण्हते तीच पहाटे झपकन उचलते.

मात्र मोटर पहाटे चांगल्या व्होल्टेजलाही नुसती गुणगुणत असेल, आणि मोटरच्या मागच्या पंख्याला हाताने… नाही, हाताने अजिबात नको, वायरमनला बोलवा आणि आधी कंडेन्सर तपासायला सांगा. कंडेन्सर कमजोर झाला की अगदी लो व्होल्टेजसारखीच लक्षणं दिसतात आणि माणसं उगाच स्टॅबिलायझरच्या मागे लागतात. पहाटेही व्होल्टेज मिळतच नसेल, किंवा पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल आणि ती वेळ नेमकी संध्याकाळची असेल, तर मग मोटरलाही मशीन लावायची वेळ येते, तेव्हा वरचे साडेतीन केव्हीए आणि मोटर चालू असेपर्यंत एसी बंद, एवढं पाळा.

दिवे, पंखे, चार्जर यांना स्टॅबिलायझर नको. हल्लीचे एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर बरंच खाली-वर व्होल्टेज स्वतःच पचवतात.

बसवल्यावर तपासणी

बसवून झालं म्हणून वायरमनला लगेच सोडू नका. मुद्दाम संध्याकाळची वेळ घ्या. एसी चालू, फ्रीज चालू, त्याचा कॉम्प्रेसर फिरतोय याची खात्री करा, आणि मशीनच्या डिस्प्लेवर आउटपुट बघत उभे राहा. कॉम्प्रेसर उचलताना आकडा एकदा खाली जाईल आणि एक-दोन सेकंदात परत वर येईल, रिलेचा एखादा टक् आवाज होईल, हे ठीक आहे. पण टक्-टक्-टक् असं लागोपाठ चालू राहिलं तर मशीन दोन टप्प्यांच्या मध्ये झुलतंय, म्हणजे लाइन त्याच्या करंटने पडतेय, तो बंद झाला की उठतेय, आणि परत तेच. हा माझा पहिला अनुभव, आणि याचा अर्थ तारेकडे बघा.

मग अर्धा तास पूर्ण भारावर चालू द्या आणि मशीनच्या अंगाला उलट्या हाताने स्पर्श करा. कोमट चालेल, हात टेकवता येत नाही एवढं गरम असेल तर भार जास्त आहे. वार्निश जळल्यासारखा वास आला तर लगेच बंद. नंतर महिन्याभराने मेन बंद करून जोडाचे स्क्रू एकदा आवळून घ्यायला सांगा, वायर गरम-गार होऊन स्क्रू ढिले होतात, आणि ढिल्या टर्मिनलजवळ वायरचं प्लास्टिक तपकिरी दिसायला लागतं. माझ्या जुन्या चार केव्हीएच्या मशीनचं इनपुट टर्मिनल काढलं तेव्हा तसंच निघालं, एका बाजूला प्लास्टिक कुरकुरीत होऊन बोटाने तुकडा पडला.

ते मशीन टाकलं नाही मी. आता त्याच्यावर फक्त फ्रीज आणि वरच्या खोलीचं काहीबाही असतं, आणि संध्याकाळी ते दिवसातून एखाददुसऱ्यांदा टक् करतं, बस.